मदत हवी आहे: थायरॉइडची मोठी गाठ सोडून छोटीची सुई तपासणी का?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आईच्या (वय ५८) गळ्याची सोनोग्राफी झाली. उजवीकडे २.२ सेंमीची गाठ, डावीकडे १.२ सेंमीची. टीएसएच नॉर्मल आहे. डॉक्टरांनी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणी, सांगितली, तीही छोट्या गाठीची! आई म्हणते, "मोठीला सोडून धाकटीला का टोचतात?"

रिपोर्ट घेऊन बसल्यावर थोडं उमगलं. मोठी गाठ स्पंजासारखी, बारीक पोकळ्यांनी भरलेली, म्हणून टायरॅड्स या सोनोग्राफीवरून कर्करोगाचा संशय मोजणाऱ्या पद्धतीत शून्य गुण. आकार कितीही असो, सुई नको. छोटी मात्र भरीव (२ गुण), आजूबाजूच्या थायरॉइडपेक्षा काळसर (२) आणि 'रुंदीपेक्षा उंच' (३). एकूण ७, म्हणजे सर्वांत संशयास्पद गट टीआर ५, आणि त्यात १ सेंमीपासून सुई सुचवतात. कडा गुळगुळीत आहेत, चुन्याचे बारीक ठिपके नाहीत.

अडलंय ते इथे. हे 'उंच' म्हणजे आडव्या छेदात त्वचेकडून आत मोजलेली खोली रुंदीपेक्षा जास्त, असं वाचलं. पण रिपोर्टमध्ये नुसतं १२ × ११ × ९ मिमी लिहिलंय, कुठलं माप कुठल्या दिशेचं ते नाही. ते ३ गुण गेले तर उरतात ४, म्हणजे टीआर ४. मग सुईची मर्यादा १.५ सेंमी, तोवर फक्त ठराविक काळाने सोनोग्राफी.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडून मापांच्या दिशा लिहून मागाव्यात का? कोणी असं केलंय? तपासणी टाळायची नाहीये, आईला नीट सांगता यावं एवढंच.