शब्दचर्चा : ‘व्याजाचे भांडवलीकरण’ म्हणजे व्याज नेमके कशात मिळवले?

अनुजा_भाषांतर
एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचं मराठी करते आहे. ‘इमारतीसंदर्भात 83 लाख व्याजाचे भांडवलीकरण केले’ असं मी लिहिलं. तपासणाऱ्यांचा आक्षेप असा की यातून ‘थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं’ असा अर्थ निघतो. टिपेत तर कर्ज वाढलेलं नाही, इमारतीची किंमत वाढली आहे. शब्द बदलू का? ‘विशिष्ट कर्ज’ आणि ‘सर्वसाधारण कर्ज’ यांतही माझा गोंधळ आहे.

दप्तरी
तपासणारे अगदीच चुकीचं म्हणत नाहीत. बँकेच्या कागदांत भांडवलीकरण म्हणजे न भरलेलं व्याज मुद्दलात जाणं. हिशेबनिसाच्या कागदांत तेच व्याज नफा-तोटा पत्रकात खर्ची न टाकता मालमत्तेच्या किमतीत धरणं. शब्द ठेवा, पण ‘कशात’ ते लिहा: ‘83 लाख व्याज इमारतीच्या किमतीत धरले’. कधीकधी दोन्ही एकदम घडतं. बांधकाम चालू असेपर्यंत हप्ते नसतात, बँक व्याज मुद्दलात मिळवते आणि कंपनी तेच व्याज इमारतीवर चढवते. पण बँकेनं मिळवलं म्हणून कंपनीला चढवता येतं, असं मात्र नाही.

मोगरा
मला वाटलं हे घरकर्जाबद्दल आहे. आमच्या घराचा ताबा मिळायच्या आधीचं व्याज आम्ही भरतोय, ते घराच्या किमतीत धरायचं का?

दप्तरी
मोगराताई, तुमचा प्रश्न प्राप्तिकराचा आहे, त्याचे नियम वेगळे. इथे कंपनीच्या ताळेबंदाबद्दल चाललंय.

अनुजा_भाषांतर
टिपेतले आकडे देते, सगळे लाखांत. इमारतीसाठीच काढलेलं कर्ज 600, व्याज 9 टक्के, पूर्ण वर्षभर. त्याशिवाय कंपनीची दोन कर्जं, तीही वर्षभर: 1000 वर 10 टक्के आणि 500 वर 13 टक्के. बांधकामावर खर्च 1 जानेवारीला 400, 1 जुलैला 600, 1 ऑक्टोबरला 400. काम डिसेंबरअखेर संपलं. पहिले सहा महिने 200 पडून होते, ते ठेवीत ठेवून 4 व्याज आलं. यातून 83 कसे येतात तेच कळत नाही. ते कळल्याशिवाय वाक्य लिहायची हिंमत होत नाही.

किर्द_खतावणी
सोपं आहे. खर्चाची कालावधीनुसार सरासरी काढा. 400 बारा महिने, 600 सहा महिने, 400 तीन महिने, म्हणजे 400 अधिक 300 अधिक 100, एकूण 800. त्यातले 600 खास कर्जातून, राहिले 200. बाकीच्या कर्जांचं व्याज 165, मुद्दल 1500, दर 11 टक्के. 200 वर 22. खास कर्जाचं 54 वजा ठेवीचे 4, म्हणजे 50. बेरीज 72. अहवालात 83 असेल तर अहवाल चुकलाय.

दप्तरी
किर्दराव, दर बरोबर काढलात. 10 आणि 13 ची साधी सरासरी साडेअकरा घेणारे बरेच असतात. इमारत पूर्ण होईपर्यंत खास कर्ज या सरासरीत धरायचं नसतं, तेही तुम्ही पाळलंत. पण वजाबाकी फसली. 600 चं कर्ज वर्षभर घेतलेलं असलं तरी वर्षभर बांधकामात नव्हतं. पहिल्या सहामाहीत खर्च फक्त 400, उरलेले 200 ठेवीत. म्हणजे खास कर्जाचा बांधकामातला सरासरी वापर 500. सरासरी खर्च 800, त्यातून 500 गेले, उरले 300.

तारखांनी पाहा, म्हणजे पटेल. 1 जुलैला एकूण खर्च 1000 झाला. त्यातले 600 खास कर्जाचे, म्हणजे 400 सर्वसाधारण कर्जातून आले आणि सहा महिने अडकले: 200. 1 ऑक्टोबरचे 400 पूर्णपणे सर्वसाधारण कर्जातले, तीन महिने: 100. मिळून 300, त्याचे 11 टक्के 33. वर 50. झाले 83.

तुमच्या रीतीत ठेवीचे 4 वजा झाले, आणि ठेवीत बसलेले 200 पुन्हा बांधकामात लागल्यासारखेही धरले गेले. ते 200 अर्धं वर्ष म्हणजे सरासरी 100. त्याचे 11 टक्के 11, तोच तुमचा फरक. खास कर्ज पहिल्या दिवसापासून पूर्ण वापरलं असतं तर दोन्ही रीतींचं उत्तर एकच आलं असतं, म्हणून ही गफलत सहसा नजरेत भरत नाही.

किर्द_खतावणी
ठेवीचं मान्य. वरची मर्यादा सांगायची राहिली मात्र. मालमत्तेत धरलेलं व्याज त्या काळात प्रत्यक्ष झालेल्या व्याजाहून जास्त असता कामा नये.

दप्तरी
खरं आहे. इथे 165 पैकी 33 च घेतलेत, म्हणून प्रश्न आला नाही. कर्ज थोडं आणि खर्च मोठा असला की ती आड येते.

अनुजा_भाषांतर
मग ‘सर्वसाधारण’ हा कर्जाचा प्रकार आहे का? बँकेच्या मंजुरीपत्रात तसं लिहिलेलं असतं?

दप्तरी
नाही. तो आपण हिशेबापुरता केलेला भेद आहे. इमारत वापरायला तयार झाली आणि तिचं 600 चं कर्ज अजून फिटलेलं नसलं, तर तिथून पुढे ते सर्वसाधारण कर्जांच्या गोटात जातं आणि दुसऱ्या बांधकामासाठीचा दर काढताना मोजलं जातं. आयएएस 23 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकात हे 2017 च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालं, लागू 2019 पासून. मंजुरीपत्राचा कागद तोच राहतो. त्यामुळे ‘खास या इमारतीसाठी काढलेले कर्ज’ आणि ‘इतर सर्वसाधारण कर्जे’ असं लिहा. ‘विशिष्ट’ एकट्यानं वाचलं की विशिष्ट कशासाठी, असं विचारावंसं वाटतं.

साइटवरचा
आमच्याकडे ठेकेदाराशी भांडण होऊन चार महिने काम बंद होतं. हिशेबात मात्र बाराही महिन्यांचं व्याज इमारतीवर चढलंय. चालतं?

दप्तरी
काम खरोखर थांबलं असेल तर त्या चार महिन्यांचं व्याज खर्ची टाकायला हवं. थांबणं कामाचाच भाग असेल तर गोष्ट वेगळी. नदीला पाणी चढतं तेवढे दिवस पुलाचं काम थांबतं, तो त्या कामाचाच एक टप्पा. ओळखायचं असेल तर मोजमाप वही काढा. चार महिने एकही नोंद नाही, ठेकेदाराचं बिल नाही आणि व्याज तेवढं दर महिन्याला चढतंय, असं दिसलं की तपासणारे विचारणारच. त्या काळात नकाशे किंवा परवानग्यांचं भरीव काम चालू असेल, तर त्याचे कागद दाखवा.

साइटवरचा
परवानगीची एक फाइल फिरत होती खरी. भरीव म्हणावं का, माहीत नाही.

किर्द_खतावणी
माझा एक प्रश्न बाकी आहे. 1 ऑक्टोबरचे 400 कंपनीनं नफ्यातून साठलेल्या रोकडीतून दिले असतील, तर ते सर्वसाधारण कर्जातून आले असं का धरायचं? बँक खात्याचा उतारा तर दिसतोय.

दप्तरी
कारण रोकड बांधकामात गेली नसती तर तिच्यातून कर्ज फेडता आलं असतं, ते व्याज टळलं असतं.

किर्द_खतावणी
फेडता आलं असतं? 13 टक्क्यांच्या त्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याची सोयच नसेल तर?

दप्तरी
तिथे तारतम्य वापरावं लागतं, मानकातही तसंच म्हटलंय. मी 400 धरेन. धरू नये म्हणणारे लेखापरीक्षकही मला भेटलेत.

अनुजा_भाषांतर
तूर्त असं लिहिते: ‘इमारत पूर्ण होईपर्यंतचे 83 लाख व्याज इमारतीच्या किमतीत धरले, त्यापैकी 50 लाख खास या इमारतीसाठी काढलेल्या कर्जाचे, ठेवीवरील व्याज वजा जाता, आणि 33 लाख इतर सर्वसाधारण कर्जांचे.’ रोकडीचं काय ते कंपनीला विचारते.