फाइंडिंग्जला ‘निष्कर्ष’ म्हणावं का?

कोथरूडचा चिटणीस
सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा इंग्रजी अहवाल सभेसाठी मराठीत उतरवतोय. फाइंडिंग्जला ‘निष्कर्ष’ लिहिलं, रेकमेंडेशन्सला ‘शिफारशी’. एका सभासदाने विचारलं, “सगळ्या २४ कॉलमना जॅकेटिंग करावं, म्हणजे भोवती नव्या सळ्या-काँक्रीटचा थर द्यावा, हा निष्कर्ष की शिफारस?” मूळात ते वाक्य फाइंडिंग्जखालीच आहे, त्यामुळे मी गप्प.

व्याकरणमावशी
बरोबरच लिहिलंत. निस् + कृष्, म्हणजे ओढून बाहेर काढलेलं. तपासणीतून निघाला तो निष्कर्ष.

साइटवरचा
मावशी, ज्यातून ओढायचं ते आधी हवं ना! फाइंडिंग म्हणजे ते. चिटणीस, कॉलमचं नेमकं काय लिहिलंय?

कोथरूडचा चिटणीस
पार्किंगमधले ६ कॉलम थोडे फोडून फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कलीत गुलाबी होणारं द्रव मारलं. बाहेरून ३० मिमीपर्यंत रंग आला नाही, आत गुलाबी झालं. सळीवरचं काँक्रीटचं कव्हर २५ मिमी.

सदाशिवपेठी
धाकट्याच्या ॲडमिशनला माझी शिफारस कुणी विचारली नाही. हल्ली शिफारशीला किंमतच नाही.

साइटवरचा
काका, तो वशिला! अर्थात इथेही कुणीतरी जॅकेटिंगसाठी शब्द टाकलाच आहे.

आता बघा. “३० मिमीपर्यंत रंग आला नाही” हे आढळलं. तिथेच नवी खाच पाडून कुणीही फवारलं तरी साधारण तेच दिसेल. रंग आला नाही म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथल्या काँक्रीटची अल्कली गेली, त्यालाच कार्बोनेशन म्हणतात. ३० हे २५ पेक्षा जास्त, म्हणून “या ६ कॉलममध्ये सळीभोवतीचं काँक्रीट कार्बोनेट झालंय, सळीला गंजापासून मिळणारं संरक्षण गेलंय” हा निष्कर्ष. सळी गंजली आहे, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी कव्हर काढून सळी बघावी लागेल. हाफ-सेल या सळीच्या विद्युत चाचणीचं रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तरी गंज चालू असण्याची दाट शक्यता एवढंच कळतं, सळी किती झिजली ते नाही.

जॅकेटिंग करतात ते कॉलमची ताकद वाढवायला. कार्बोनेशनने काँक्रीटची ताकद कमी होत नाही. उलट पृष्ठभाग कडक होऊन, ठोकून कडकपणा मोजणारा रिबाउंड हॅमर जास्तच आकडा दाखवतो. त्यामुळे काँक्रीटचा कोअर काढून ताकद तपासल्याशिवाय किंवा सळीची झीज मोजल्याशिवाय ‘जॅकेटिंग करा’ला या चाचणीचा आधार नाही. उरलेले १८ कॉलम तर कुणी तपासलेच नाहीत. परांची एकदाच बांधायची म्हणून सगळे धरले असतील तर हरकत नाही, पण मग तसं कारण शिफारशीत लिहा.

व्याकरणमावशी
मग फाइंडिंग्जला ‘निरीक्षणे’?

साइटवरचा
निरीक्षण डोळ्याचं. मिलिव्होल्ट डोळ्याला कुठे दिसतात? मी ‘काय आढळले’ असाच मथळा देतो.

व्याकरणमावशी
मथळ्यात क्रियापद? छे! ‘अहवाल’ हे मुळात अरबी ‘हाल’चं अनेकवचन, त्यात हाल काय ते आधी यावेत हे मात्र मान्य.

कोथरूडचा चिटणीस
मग जॅकेटिंगचं वाक्य मी शिफारशीत हलवू का?

साइटवरचा
अजिबात नको. भाषांतरात जागा बदललीत तर सही त्यांची आणि मत तुमचं. वाक्य आहे तिथेच ठेवा, आणि २४ चा आकडा कशावरून आला ते सल्लागाराला लेखी विचारा.

सदाशिवपेठी
जॅकेटिंगचा खर्च कुणी भरायचा ते कुठल्या मथळ्याखाली आहे?