मदत हवी आहे: खेळता खेळता गेमिंग कन्सोल बंद पडतो

नमस्कार मंडळी. आम्ही परळला राहतो, समोर इमारतीचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे घरात सतत बारीक धूळ. मुलाचा कन्सोल टीव्ही युनिटच्या काचेचं दार असलेल्या कप्प्यात असतो. मागे प्लायवूड, वायर जाण्यापुरतं एक भोक. जड गेम लावला की साधारण वीस मिनिटांत पंखा जोरात घोंघावतो आणि कन्सोल धाडकन बंद होतो. लगेच चालू केला तर आणखी लवकर बंद पडतो, तासभर थंड होऊ दिला की पुन्हा नीट. सिनेमा मात्र कितीही वेळ चालतो. म्हणून वीजपुरवठ्यापेक्षा उष्णतेचाच संशय आहे.

काल तो बाहेर उघड्या टेबलावर ठेवून तोच गेम लावला. तासाभरापर्यंत चालला, मग बंद. म्हणजे कप्प्यात तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जात होती हे नक्की, पण तेवढंच कारण नसावं. टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या जाळीआड राखाडी थर दिसतो, दमट हवेने नमद्यासारखा घट्ट बसलेला. ब्रशने वरवरचा निघाला, आतला हलत नाही.

हवेच्या कॅनने फुंकताना पंखा गरगर फिरू नये म्हणून काडीने अडवायचा, एवढं माहीत आहे. पण असा चिकटलेला थर कन्सोल न उघडता निघतो का? उघडलाच तर थर्मल पेस्टही बदलावी का? लॅमिंग्टन रोडला हे काम कुणी करून घेतलं असेल तर अंदाजे खर्च सांगा. आणि कप्प्याची मागची फळी पूर्ण काढली तर पुरेल, की कन्सोल बाहेरच ठेवावा?