भिजलेली पुस्तकं कशी वाचवलीत? अनुभव लिहा

वाशिष्ठीकाठ: २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या घरात छातीएवढं पाणी आलं. पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन खण बुडाले. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर पुस्तकं फुगून खणात घट्ट बसलेली. आम्ही घाईने ओढली आणि निम्म्यांचे पुठ्ठे हातात आले, पुस्तकं आतच राहिली. नंतर दादाने फळीचे स्क्रू काढले, तेव्हा बाकीची अलगद सुटली. हे आधी सुचायला हवं होतं.

वीज नव्हती, पंखा नाही, फ्रीज नाही, बाहेर पाऊस. वर्तमानपत्रं पसरून त्यावर पुस्तकं आडवी ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेला पांढरी लव दिसली आणि आठवड्याभरात ती काळपट-हिरवी झाली. दीडेकशे पुस्तकांतली चाळीसच्या आसपास राहिली. हवाच ओली असताना पुस्तकं वाळवायची कशी, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी केलंय त्यांनी जसं केलं तसं लिहा, फसलेलंही लिहा.

तीनबत्ती: कडक ऊन दाखवा, त्यासारखं औषध नाही. बुरशी उन्हात टिकत नाही. आमच्याकडे पुस्तकं गच्चीवर टाकली, संध्याकाळपर्यंत खडखडीत. पानं चुरगळली तर इस्त्री फिरवायची.

बांधणीवाला: पुण्यात बत्तीस वर्षं बाइंडिंग करतोय. २०१९ च्या पुरानंतर सांगलीहून पोत्यांनी पुस्तकं आली होती, त्यावरून सांगतो.

उन्हाबद्दलचं अर्धं बरोबर आहे. पण चिंब पुस्तक उन्हात टाकलं की पुठ्ठा आधी सुकतो, आतला गठ्ठा ओलाच राहतो. पुठ्ठा आखडून होडीसारखा वाकतो, आणि तो बाक नंतर कितीही दाबला तरी पूर्ण जात नाही. गच्चीवरचं पुस्तक बाहेरून खडखडीत लागतं, पण शिवणीजवळ बोट घालून पाहा, तिथे ओल असते. बुरशी तिथूनच सुरू होते. इस्त्री तर नकोच, तिने पानं चिकटतात.

मी असं करतो. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच घट्ट धरून साध्या पाण्यात बुडवून काढतो, घासत नाही. मग खाली जुना टॉवेल घालून उभं ठेवून निथळू देतो. चिंब पुस्तक उघडायचा हट्ट धरायचा नाही, ओलं पान स्वतःच्याच वजनाने फाटतं. पाणी गळायचं थांबलं की दर वीसेक पानांनी कोरा न्यूजप्रिंट किंवा टीपकागद घालतो. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई पानावर उतरते. कागद फार कोंबायचेही नाहीत, पुस्तक फुगून शिवण सुटते. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी कागद बदलावे लागतात. सगळे कंटाळतात ते इथेच. पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामध्येही कागद हवा, कारण कापडी बांधणीचा रंग आत उतरतो.

कागद जेमतेम ओलसर निघू लागले की पुस्तक पंख्यासारखं किंचित उघडून उभं करायचं. वारा खोलीत खेळता हवा, थेट पुस्तकावर नको.

अंधेरीकर: माझा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकं कोरडी आहेत पण कसर लागली आहे. कापूर ठेवू का?

वाशिष्ठीकाठ: कसरीसाठी वेगळा धागा काढा ना, तिथे जास्त उत्तरं येतील. इथे फक्त भिजलेल्या पुस्तकांचं चालू दे.

शिकागोची_मावशी: आमच्या तळघरात पाईप फुटला आणि सहा खोकी भिजली. एका दमात एवढी पुस्तकं वाळवणं अशक्य होतं. इथल्या ग्रंथालयातल्या एका बाईंनी सांगितलं, आधी फ्रीजरमध्ये टाक. उणे १८ अंशाला बुरशी वाढत नाही, म्हणजे उसंत मिळते. प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळलं, नाहीतर एकमेकांना चिकटून गोठतात. शिवण खाली करून ओळीत लावली आणि दर शनिवारी दोन-दोन काढून वाळवत गेले. पुरतं चार महिने चाललं.

एक गोष्ट आपोआप घडली. आमच्या फ्रीजरमध्ये बर्फ साचत नाही. त्यात नुसत्या कागदात गुंडाळलेली बारीक पुस्तकं तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळजवळ कोरडी झाली होती, आणि फारशी वाकली नव्हती. पिशवीत बंद केलेली मात्र टाकली तशीच ओली निघाली.

बांधणीवाला: मावशींचं अगदी खरं. आर्ट पेपरवाल्या पुस्तकांना तर फ्रीजर लगेच हवा. चित्रांची पुस्तकं, गुळगुळीत दिवाळी अंक, ही ओली असताना सुटी होतात, पण पानं मिटून सुकली की वीट होते. मग मलाही ती सोडवता येत नाहीत. म्हणून आधी ती वेगळी काढा. फ्रीजर नसेल तर तीच पहिली हातात घ्या आणि पान-पान सुटं करा. बाकीची थोडी थांबू शकतात.

गोरेगाव_पूर्व: ओल्या हवेबद्दल माझा अनुभव. जुलैत वरच्या मजल्याची टाकी भरून वाहिली, माझं कपाट भिजलं. नुसत्या पंख्याने दोन दिवसांत काही फरक पडला नाही. मग लहान खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवला, टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ टांगलं. काटा ८५ वरून ५५ च्या आसपास आला, आणि तिथून पुस्तकं खरी सुकायला लागली. दार सारखं उघडलं की काटा परत चढायचा. नऊ दिवस लागले. त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, मी पहिल्या दिवशी ती चूक केली.

वाशिष्ठीकाठ: वीज नसेल तर?

बांधणीवाला: मग पुस्तकं पाणी न पोचलेल्या गावी पाठवणं हाच मार्ग. सांगलीच्या एका सरांनी तेच केलं. दुसऱ्याच दिवशी, ओली असतानाच खोक्यात उभी भरून मेहुण्याच्या गाडीने पाठवली. त्यांची बहुतेक वाचली. आठवड्याने आलेली पोती मी नुसती उघडून ठेवली.

आईची_वही: माझं पुस्तक नाही, आईची पाककृतींची वही होती. शाईपेनाने लिहिलेली. मी धुवायला घेतली आणि अनारशांचं पान माझ्या हातात निळं होऊन वाहून गेलं. बॉलपेनने लिहिलेलं तसंच्या तसं राहिलं. शाई असेल तर पाणी लावू नका, जसं आहे तसं फ्रीजरमध्ये टाका. मग एकेक पान सुटं होईल तसा फोटो काढा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तीनबत्ती: इस्त्रीचं मागे घेतो. पण मग वाकलेलं पुस्तक सरळ करायचं कसं?

बांधणीवाला: वजन ठेवून, पण वेळ साधून. ओलं असताना दाबलं तर ओल आत कोंडते. पूर्ण वाळल्यावर दाबलं तर बाक तसाच राहतो. पुस्तक हाताला कोरडं लागतं पण मधलं पान गालाला लावलं की गार लागतं, तो नेमका क्षण. तेव्हा पुठ्ठे सरळ करून दोन फळ्यांमध्ये आडवं घालायचं आणि वर पाटा ठेवायचा. रोज काढून गाल लावून पाहायचं. गारवा गेला की झालं. तरी ते पूर्वीइतकं बारीक होत नाही, थोडं फुगीर राहतंच.

वाशिष्ठीकाठ: आणि बुरशीचे काळे डाग? माझ्या चाळीसपैकी बऱ्याच पुस्तकांवर आहेत.

बांधणीवाला: ओली बुरशी पुसली की पानात शिरते. पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. पूड जाते, डाग राहतो. काही जण स्पिरिट लावतात, मी छापील पानावर कडेला थोडं लावून पाहिलंय. डाग फिका झाला म्हणता येणार नाही.

गोरेगाव_पूर्व: मला एका पुस्तकावर थोडा फरक वाटला होता. पण तो डाग चार दिवसांचाच होता.

वाशिष्ठीकाठ: माझे जुने आहेत. उद्या एका पानावर लावून पाहते आणि इथे फोटो टाकते.