धावणे रक्तात असते, असे मानून मुलांची निवड करावी का?

मेळघाटातला मास्तर

मी धारणी तालुक्यातील एका शाळेत खेळ शिकवतो. यंदाच्या स्पर्धांपूर्वी निवड समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सुचवले की लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी फक्त कोरकू मुलांची नावे द्यावीत, कारण धावणे त्यांच्या रक्तातच असते, आणि इतर मुलांना गोळाफेक व उड्या यांकडे वळवावे. पुरावा म्हणून त्यांनी केनियाचे उदाहरण दिले. ही समजूत कितपत खरी आहे आणि तिच्या आधारावर यादी करावी का?

गाविलगड

सर, ही समजूत अगदीच निराधार आहे असे मला वाटत नाही. केनियाच्या लोकसंख्येत कालेंजिन समाजाचा वाटा साधारण आठव्या हिश्श्याएवढा असेल, पण त्या देशाच्या लांब पल्ल्याच्या पदकांपैकी बहुसंख्य पदके याच समाजाने मिळवली आहेत. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरची शर्यत जिंकणारे किप कीनोही त्याच समाजातले होते. समाजासमाजांत जनुकीय फरक असतात, हे आपल्या विदर्भात तरी कोणाला नव्याने सांगावे लागू नये. सिकलसेलची तपासणी गावोगावी होते ती त्याचमुळे. रक्तातला आजार काही समाजांत जास्त आढळू शकतो, तर रक्तातले बळ का आढळू नये?

मैदानावरची माती

गाविलगड, सिकलसेलचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे झाले, कारण नेमका फरक तिथेच दिसतो. सिकलसेल हा एका जनुकातील एका बदलाचा परिणाम आहे आणि तो रक्ताच्या चाचणीत स्पष्ट दिसतो. शिवाय तो एखाद्या वंशाच्या मागे गेलेला नाही, मलेरियाच्या मागे गेलेला आहे. म्हणूनच तो आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसच्या काही भागांत आणि आपल्याकडेही आढळतो. धावण्याचे तसे नाही. त्यात हृदय, फुप्फुसे, रक्त, स्नायू, हाडांची ठेवण आणि चिकाटी या सगळ्यांचा हात असतो. त्यावर असंख्य जनुकांचे बारीक बारीक परिणाम होतात, आणि ज्याची चाचणी करून ‘याच्यात धावणे आहे’ असे सांगता येईल असा एकही बदल हाती लागलेला नाही.

आता केनियाकडे येऊ. कालेंजिनांतील नंदी या शाखेच्या मुलांवर डेन्मार्कच्या संशोधकांनी काम केले आहे. त्यांनी एकाच समाजाच्या मुलांचे दोन गट घेतले, एक शहरात वाढलेल्या मुलांचा आणि दुसरा खेड्यात वाढलेल्या मुलांचा. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे मोजले, तेव्हा खेड्यातील मुलांची क्षमता शहरातील मुलांपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी जास्त भरली. दोन्ही गट नंदीच होते, म्हणजे तुमच्या भाषेत रक्त एकच होते. फरक होता तो रोजच्या चालण्याधावण्याचा आणि कष्टाचा. त्यानंतर दोन्ही गटांकडून बारा आठवडे सराव करून घेतला, तेव्हा दोघांची प्रगती जवळपास सारखीच झाली. सरावाने सुधारण्याची काही वेगळी देणगी नंदी मुलांना आहे, असेही डेन्मार्कच्या मुलांशी तुलना केल्यावर दिसले नाही.

ही मुले साधारण दोन हजार मीटर उंचीच्या प्रदेशात वाढतात, जिथे विरळ हवेमुळे शरीर तांबड्या पेशी वाढवते. आपला चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे आणि धारणी तर त्याहूनही बरीच खाली आहे, त्यामुळे उंचीचा तो फायदा मेळघाटाला लावणे चुकीचे ठरेल. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘डोंगरातली मुले म्हणून दमदार’ हे वाक्य आमच्या शिबिरांत मी शेकडो वेळा ऐकले आहे.

खाकी स्वप्न

कोणत्या समाजाच्या मुलांना संधी द्यावी हा आरक्षणाचा प्रश्न आहे आणि त्यावर येथे चर्चा करून काही निष्पन्न होणार नाही, असे माझे मत आहे. त्यापेक्षा पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी किती महिने आधी सुरू करावी, हे कोणी सांगितले तर आमच्यासारख्यांना उपयोग होईल.

मैदानावरची माती

भाऊ, येथे आरक्षणाचा विषयच नाही. कोण चांगला धावेल हे आडनावावरून ओळखता येते का, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याच विषयातून निघते. ज्याने कधी वेळ लावून १६०० मीटर धावलेले नाही, असा मुलगा पहिले ४०० मीटर ७० सेकंदांत काढतो आणि मग त्याचे पाय भरून येतात. पुढचे तीन टप्पे ९२, ११३ आणि १०५ सेकंदांचे झाले, तर एकूण ६ मिनिटे २० सेकंद होतात. त्याच ताकदीचा, पण चार-पाच वेळा मोजून धावलेला मुलगा प्रत्येक टप्पा ८८ सेकंदांचा ठेवतो आणि ५ मिनिटे ५२ सेकंदांत पोहोचतो. ही २८ सेकंदे रक्तातून येत नाहीत आणि फुप्फुसांतूनही येत नाहीत. ती वेग राखण्याच्या सवयीतून येतात. निवड चाचणी एकदाच घेतली, तर आपण बहुतेक वेळा हीच सवय मोजतो आणि तिला प्रतिभा म्हणतो. तुम्ही निदान बारा आठवडे द्या, आणि पहिला टप्पा मुद्दाम हळू काढायला शिका.

गाविलगड

शहर आणि खेडे यांतील फरक मला मान्य आहे. परंतु त्याच संशोधकांनी असेही नोंदवले आहे की नंदी मुलांच्या पोटऱ्या बारीक आणि हलक्या असतात, आणि पायाच्या खालच्या भागाचे वजन कमी असल्यामुळे त्याच वेगाने धावायला त्यांना कमी शक्ती लागते. पोटरीची ठेवण काही सरावाने येत नाही. मग निसर्गाचा वाटा शून्य आहे असे आपण कसे म्हणू शकतो?

मैदानावरची माती

शून्य आहे असे मी म्हटलेले नाही, आणि पोटरीचा मुद्दा तुमचा योग्य आहे. देहयष्टीचा फायदा होतो आणि ती बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येते. पण तुम्ही ‘या मुलाची पोटरी बारीक आहे’ इथून ‘हा अमुक समाजाचा आहे, म्हणून धावेल’ इथे उडी मारता आहात. बारीक पोटरीची मुले कुणब्यांत आहेत, गोंडांत आहेत, तेल्यांत आहेत, आणि जाड पोटरीचे कालेंजिनही आहेत. पोटरी पाहायची असेल तर टेपने पोटरी मोजा, जातीचा दाखला कशाला मागता?

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या घरातली बाई आहे आणि मला शास्त्र समजत नाही, पण माझ्या मुलीचे सांगते. ती आठवीत असताना तिला ३००० मीटर धावायचे होते. निवडीच्या वेळी तिला सांगण्यात आले की तुमच्याकडच्या मुली लांब धावत नाहीत, तू थाळीफेक कर. तिने दोन वर्षे थाळी फेकली आणि तिला ती कधी आवडली नाही. घरी असताना ती रोज वावरातून डोक्यावर वैरण घेऊन येत असे आणि कधी दमलेली दिसली नाही. आता ती बारावीला आहे आणि मैदानावर जातच नाही. ती धावली असती का, हे मला कोणी सांगू शकेल का?

मैदानावरची माती

ताई, ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे की ज्याला पळूच दिले नाही त्याची वेळ कुठेच नोंदली जात नाही. पुढच्या वर्षी ‘तुमच्याकडच्या मुली लांब धावत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला पुरावा म्हणून त्याच स्पर्धेचा निकाल दाखवता येतो.

हिशेब करून पाहा. दोन तालुक्यांत प्रत्येकी एक हजार मुले आहेत आणि दोन्हीकडे शंभरात एक मूल खरोखर देणगी असलेले आहे, असे धरू. पहिल्या तालुक्यात त्यांपैकी आठशे मुले शर्यतीला उतरतात, म्हणून आठ चांगले धावपटू हाती लागतात. दुसऱ्या तालुक्यात पन्नासच उतरतात, म्हणजे सरासरी अर्धाच धावपटू सापडतो. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला तालुका आठ आणि दुसरा जवळजवळ रिकामा दिसतो, आणि तो म्हणतो की पहिल्याच्या रक्तातच काहीतरी आहे. केनियातील इटेन गावात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. तिथल्या शाळेत ब्रदर कोल्म ओ’कॉनेल हे आयरिश शिक्षक १९७६ मध्ये आले आणि त्यांच्या हाताखालून एकामागून एक विजेते घडले. आज तिथे कितीतरी तरुण शेती विकून, उधारी करून धावायला येतात. त्यांतले जे मागे पडतात त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, आपल्याला दिसतात ते फक्त जिंकलेले.

आपल्या देशाने वंश पाहून निवड करण्याचा प्रयोग केलेला आहे. सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते, म्हणून १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटक आणि गुजरातमधील सिद्दी मुलामुलींना निवडून प्रशिक्षण केंद्रांत नेले. त्यांच्याकडून ऑलिम्पिक पदकांची अपेक्षा होती. त्यांच्यातल्या काहींनी राष्ट्रीय स्तरावर चांगली कामगिरी केली, पण काही वर्षांतच योजना बंद झाली आणि बहुतेकांचा खेळ सुटला. आता यातून ‘रक्तात होतेच’ असे म्हणणारे भेटतात आणि ‘नव्हतेच’ असे म्हणणारेही भेटतात. दोघांनाही मी एकच गोष्ट विचारतो की त्याच गावांतील बिगर-सिद्दी मुलांचा एक गट सोबत घेऊन तेवढेच प्रशिक्षण दिले होते का? तो घेतला नव्हता, म्हणून त्या प्रयोगातून रक्ताविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते एवढेच की गरीब घरच्या मुलांना पोटभर अन्न, बूट आणि प्रशिक्षक मिळाला की ती पुढे येतात आणि ते काढून घेतले की मागे पडतात.

गाविलगड

तरीही २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, याचे तुम्ही काय स्पष्टीकरण द्याल?

मैदानावरची माती

त्या पाचांच्या आधी किती मुलांची चाचणी झाली, किती गळाली आणि उरलेल्यांना बर्फात किती महिने काढावे लागले, हे विचारा म्हणजे स्पष्टीकरण मिळेल. चंद्रपुरात बर्फ पडत नाही. त्यांच्या घराण्यात कोणी बर्फावर चढले असेल असे मला वाटत नाही.

मेळघाटातला मास्तर

सर्वांचे आभार. मी असे ठरवले आहे की सर्व मुलांना, आडनाव न विचारता, फक्त छातीवरचे क्रमांक देऊन १६०० मीटर धावायला लावायचे, प्रत्येक ४०० मीटरची वेळ लिहायची, जन्मतारीख आणि उंचीही नोंदवायची आणि बारा आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच मैदानावर पुन्हा मोजायचे. अडचण एकच आहे. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि मुलेही सोबत जातात, म्हणून दुसऱ्या मोजणीला नेमकी कोरकू मुलेच कमी असतील. मग माझ्या वहीत त्यांची प्रगती कशी दिसणार?

मैदानावरची माती

सर, वहीत गैरहजर मुलांची जागा रिकामी ठेवा, त्यांना नापास समजू नका, आणि ती परत आल्यावर त्यांचे बारा आठवडे तिथून मोजा. जी परतच येणार नाहीत त्यांचे काय करायचे, यावर माझ्याकडे उपाय नाही. शक्य असल्यास पहिली मोजणी जूनमध्येच घ्या, म्हणजे चिखल असला तरी बारा आठवडे दिवाळीच्या आत पूर्ण होतील.