छतावरच्या डागाचा फोटो बघून गळती कुठून आहे ते कळलंय का कुणाला? अनुभव सांगा

रिकामटेकडी
फोनमधली जागा संपली म्हणून फोटो उडवत बसले होते तर बेडरूमच्या छताचा जुना फोटो सापडला. तपकिरी डाग, एकात एक अशा दोन-तीन कडा, मधे पांढरी भुकटी आणि डागाचं एक टोक थेट दिव्याच्या पॉइंटपर्यंत गेलेलं. तेव्हा ज्याला फोटो दाखवला त्याने वेगळं निदान केलं. मग एका प्लंबरकाकांनी फोटो मोठा करून आधी कडाच बघितल्या. म्हणाले, हे ओलं होतं, वाळतं, परत ओलं होतं. पाण्याची भरलेली लाइन फुटली असती तर मधला भाग वाळलाच नसता. पाऊस नव्हता, म्हणजे वरच्यांचं वापरलेलं पाणी. पण त्यांचं बाथरूम तर डागापासून चांगलं हातभर बाजूला! तुमच्याकडे काय झालं होतं?

बोलघेवडा
तपकिरी म्हणजे संडासची लाइन, डोळे झाकून सांगतो. आणि पांढरं ती बुरशी.

पान्हा_पक्कड
डोळे उघडून बघा दादा 😄 स्वच्छ पाणी पण प्लास्टरमधली घाण, गंज घेऊन उतरतं आणि तपकिरी डाग पाडतं, रंगावरून संडास ठरत नाही. पांढऱ्यावर थोडं पाणी मारा, विरघळलं तर सिमेंटमधून आलेले क्षार. बुरशी विरघळत नाही आणि ती बहुतेक काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी येते, कोपऱ्यात, जिथे हवा खेळत नाही.
ताई, हातभर बाजूचं कोडं तुमच्या फोटोतच आहे. दिव्याच्या वायरची नळी स्लॅबमधून जाते, पाणी तिच्यात शिरलं की नळीतून वाहत जिथे तोंड उघडं तिथे टपकतं. डागाच्या बरोबर वर खोदायला गेलात तर कोरडं निघेल. आणि आधी त्या दिव्याचा एमसीबी पाडायचा, बाकी सगळं नंतर.

आत्ता_येते
कुकर लावून आले. आमच्याकडे वरचे लोक दारच उघडायचे नाहीत, फोटो दाखवला तर म्हणे हा तुमच्याच रंगाचा दोष 🙄

रिकामटेकडी
@आत्ता_येते अगं आमचे बरे होते, चहा पण दिला.
काकांनी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायला लावली आणि रोज त्याच जागेवरून फोटो. मग वरच्यांनी बाथरूमची फरशी कोरडी ठेवून नळी थेट नहाणी ट्रॅपच्या जाळीत सोडली. सकाळी डाग रेघेच्या बाहेर!

पान्हा_पक्कड
हाच क्रम बरोबर. आधी ट्रॅप, कारण बाकी कोरडं राहतं. त्यात काही नाही निघालं तर मग ट्रॅपला बोळा मारून फरशीवर बोटभर पाणी एक दिवस साठवायचं, डाग वाढला तर फरशीचं वॉटरप्रूफिंग. दोन्ही एकाच दिवशी केलं तर काहीच कळत नाही. आणि भरलेल्या लाइनचा संशय असेल तर सगळे नळ बंद करून मीटर बघा, काटा फिरतोय का.

घामाघूम
माझा पाइपचा फोटो आहे, सिंकखालची लाइन, खालच्या बाजूने सगळीकडे थेंब लटकलेत. कुठला जॉइंट बदलू?

पान्हा_पक्कड
थांबा, काही बदलू नका. पूर्ण लांबीवर सारखे थेंब म्हणजे बहुतेक गार पाइपला दमट हवेत सुटलेला घाम. पुसून कोरडी करा आणि प्रत्येक जॉइंटला टिश्यू गुंडाळा. एकच टिश्यू आधी भिजला तर गळती. भिजलेल्यांपैकी सगळ्यात वरचा धरा, खालचे ओघळाने भिजतात. पितळी जॉइंटवर हिरवट थर असेल तर ते बहुतेक जुनं, हळू पाझरणं.

घामाघूम
हिरवं पण आहे थोडं 😐

बोलघेवडा
मग दोन्ही आहे. (हे तरी बरोबर?)

पान्हा_पक्कड
असू शकतं हो. फोटोवरून ते आत्ता ओलं आहे की वर्षापूर्वीचं हे कळत नाही. बोट लावून सांगा. आणि पुढचा फोटो फ्लॅश बंद करून, टॉर्च बाजूने तिरपा मारून काढा, फुगलेलं प्लास्टर त्यातच दिसतं.

आत्ता_येते
@रिकामटेकडी मग ट्रॅप बदलल्यावर लगेच थांबलं का?

रिकामटेकडी
छे! बरेच दिवस टपकतच होतं, मी तर काकांशी भांडायच्या बेतात. ते म्हणाले बाथरूमखालच्या भरावात पाणी साचलंय, ते निथळेपर्यंत असंच. पेन्सिलीच्या नव्या रेघा बाहेर सरकायच्या थांबल्या तेव्हा पटलं.

गच्चीवाली
आमचा डाग पाऊस वाऱ्याचा असला तरच वाढतो, सरळ पडला तर नाही. गच्चीचं सगळं करून झालं, तरी तेच.

पान्हा_पक्कड
मग खिडकीची चौकट किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग बघा. बाहेरून फोटो टाका, नक्की सांगता येणार नाही पण.

गच्चीवाली
बाहेरून कसा काढू, चौथा मजला आहे 😂

आत्ता_येते
समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी सांग ना. कुकर कुणी बंद केला का आमच्याकडे, आलेच.