मदत हवी: हायड्रोजन ४ वरून २ वर, उत्तर ३६५ का येतंय?

जुळे_सोलापूर
नमस्कार. मुलगा बारावीला आहे. काल रात्रीपासून आम्ही दोघं एका गणितावर अडलोय. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन चौथ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आला, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती? आम्ही ४ उणे २ केलं, २ चा वर्ग ४, १३.६ ला ४ ने भागून ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग १२४० ला ३.४ ने भागलं, ३६५ नॅनोमीटर. पुस्तकात मागे ४८६ दिलंय. छपाईची चूक असेल का?

सात_रस्ता
ताई, १३.६ हा अंदाजे आकडा, म्हणून फरक पडतो. रिडबर्गचा स्थिरांक घ्या, ४८६ येईल.

प्रयोगशाळेतला
रिडबर्गने ४८६ येईल हे खरं, पण कारण ते नाही. १३.६ ने पण तेच येतं. ताई, तुम्ही पातळ्यांचे क्रमांक वजा केलेत. वजा करायची ती ऊर्जा. आधी प्रत्येक पातळीची ऊर्जा वेगळी काढा, मग फरक घ्या:

```
E2 = -13.6/4  = -3.40 eV
E4 = -13.6/16 = -0.85 eV
E4 - E2 = 2.55 eV
1240/2.55 = 486 nm
```

तुमच्या रीतीने ३ वरून १ आणि ५ वरून ३ यांचाही प्रकाश ३६५ च यायला हवा, कारण फरक सगळीकडे २ आहे. प्रत्यक्षात पहिला सुमारे १०३, दुसरा १२८२. वर जावं तशा पातळ्या एकमेकींच्या जवळ येत जातात.

आणि तुमचं ३६५ पण अगदीच वाया गेलं नाही. अणूपासून सुटलेला, जवळजवळ थांबलेला इलेक्ट्रॉन थेट दुसऱ्या पातळीवर आला तर तेवढी तरंगलांबी येते. दुसऱ्या पातळीवर संपणारी प्रत्येक रेषा त्याहून लांबच असते. गणितात ३६५ किंवा कमी आलं की लगेच मागे वळून बघायचं. मुलाला कॉलेजात डिस्चार्ज ट्यूब दाखवा: नळी गुलाबी दिसते, पण ग्रेटिंगमधून लाल रेषेच्या आत निळसर हिरवी दिसते, तीच ही. ३६५ डोळ्यांना दिसणारच नाही.

होटगी_रोड
सर, मी प्रॅक्टिकलला हीच रेषा मोजली तर ४९१ आली. म्हणजे सूत्रच अंदाजे आहे ना?

प्रयोगशाळेतला
सूत्रामुळे पाच नॅनोमीटर जात नाहीत. हवेमुळे पडणारा फरक तर साधारण ०.१४ चा. कोन डावीकडचा आणि उजवीकडचा दोन्ही वाचून त्यांच्या फरकाचा निम्मा घेतला होता का?

होटगी_रोड
नाही सर, एकाच बाजूचा. सोमवारी परत लावतो.

जुळे_सोलापूर
आत्ता मुलाने वहीत ०.८५ स्वतः काढलं, आणि ४८६ आलं! पण तो विचारतोय, हेलियमला हेच चालेल का?

प्रयोगशाळेतला
एक इलेक्ट्रॉन काढून टाकलेल्या हेलियमला चालेल, १३.६ ला ४ ने गुणून. साध्या हेलियमला नाही, तिथे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात.